शिष्यवृत्तीची तयारी : पाठ्यपुस्तकातल्या 'बाकी'पासून कॅलेंडरच्या प्रश्नापर्यंत



शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी वर्गात कशी बसवता, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. सगळं एका लेखात मावणार नाही. म्हणून आज गणितातली एकच गोष्ट घेते. ती पाठ्यपुस्तकात कुठे सुरू होते, आम्ही ती कशी थोडी थोडी पुढे नेतो आणि कोणत्या महिन्यात काय करतो, एवढंच सांगते. ती गोष्ट म्हणजे भागाकारातली 'बाकी'.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. शिष्यवृत्तीत दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपर 75 प्रश्नांचा, 150 गुणांचा, वेळ दीड तास. गणिताचे 50 प्रश्न आणि बुद्धिमत्तेचे 50, म्हणजे दोन्ही मिळून 200 गुण यांचेच. आमची शाळा जूनमध्ये उघडते आणि ही परीक्षा साधारण फेब्रुवारीत येते. तोपर्यंत पुस्तकाचे शेवटचे पाठ झालेले नसतात, आणि त्या पाठांवरचे प्रश्न मात्र पेपरात असतात. (ही परीक्षा पूर्वी चौथीला होती, 2016-17 मध्ये ती पाचवीला नेली होती. इयत्ता बदलली तरी भागाकार तोच राहतो, त्यामुळे चौथीच्या शिक्षकांनीही पुढे वाचायला हरकत नाही.)

यावर सर्वांना सुचणारा उपाय एकच असतो. मागे एक पालक ताई दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, पुस्तक ठेवा ना बाजूला जानेवारीपर्यंत. पोराकडून नुसती शिष्यवृत्तीच करून घ्या." त्यांच्या हातात बाजारातून आणलेला जाड सराव संच होता. मी त्यांना म्हटलं, "ताई, यातला कोणताही एक प्रश्न काढा, तो पुस्तकातल्या कोणत्या पाठावर उभा आहे ते आपण शोधू." त्यांनी काढला तो नेमका कॅलेंडरचा. आज बुधवार असेल तर 100 दिवसांनी कोणता वार? संचात हा प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीत 'दिनदर्शिका' या मथळ्याखाली होता. खरं तर तो भागाकाराचा प्रश्न आहे. मुलाने भागाकाराचा पाठ नीट केला असेल तर तो त्याच्यापासून चार पायऱ्या लांब आहे. केला नसेल तर शंभर प्रश्न घोटूनही एकशे एकावा चुकणार.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुस्तक बाजूला ठेवायचं तर कोणासाठी? हुशार म्हणून निवडलेल्या आठ-दहा मुलांसाठी. मग उरलेल्यांना काय, शुद्धलेखन लिहायला बसवायचं? माझ्याकडे चौथी आणि पाचवी एकत्र बसतात, दोन्ही मिळून 28 मुलं. त्यांत वेगळी 'बॅच' पाडली की बाहेर राहिलेल्या मुलाला जुलैमध्येच कळतं की हे आपलं काम नाही. म्हणून दिवाळीपर्यंत मी बॅच पाडत नाही. जे काही पुस्तकापलीकडचं आहे ते सगळ्या वर्गासमोर, तासाच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत होतं.

आता मूळ मुद्दा. पुस्तकात 100 भागिले 7 असं उदाहरण येतं. भागाकार 14, बाकी 2. मुलं बाकी कोपऱ्यात लिहितात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. बाकी म्हणजे उरलंसुरलं, तिचा उपयोग काही नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. आमची पहिली पायरी ही समजूत मोडण्याची.

भागाकाराचा पाठ जुलैच्या शेवटी संपतो, त्याच आठवड्यात हा खेळ घेते. मुलांना 1 ते 28 क्रमांक वाटायचे. प्रत्येकाने आपल्या क्रमांकाला 7 ने भागायचं आणि जी बाकी येईल त्या खुणेपाशी जाऊन उभं राहायचं. मैदानावर चुन्याने 0 ते 6 अशा सात खुणा करते. पहिली गडबड लहान क्रमांकांची होते. 3 क्रमांकाचं पोर येऊन म्हणतं, "बाई, मला भागच जात नाही." भाग शून्य वेळा जातो आणि तिन्ही उरतात, हे सात खडूंच्या पुड्याने दाखवावं लागतं. तीन खडूंत सातचा पुडा एकही होत नाही, तीन खडू हातातच राहतात. दुसरी गडबड 7, 14, 21, 28 या क्रमांकांची. ती मुलं 7 ची खूण शोधत फिरतात. 7 उरले तर त्याचा आणखी एक पुडा होईल, म्हणून बाकी 7 कधीच नसते, हे त्यांना तिथे उभ्या-उभ्याच समजतं.

सगळे उभे राहिले की प्रत्येक खुणेपाशी चार-चार मुलं दिसतात. मग एका गटाला आपले क्रमांक मोठ्याने म्हणायला सांगते : 3, 10, 17, 24. "काय दिसतंय?" सातासातांचं अंतर आहे, हे चौथीची मुलंही सांगतात. सारखी बाकी असलेल्या संख्या सातच्या उड्यांनी एकमेकींपासून लांब असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत, म्हणून या खेळाला मी एक अख्खा तास देते. घाई करत नाही.

दुसरी पायरी उलट प्रश्नाची. भाजक 7, भागाकार 12, बाकी 5, तर भाज्य कोणता? 7 गुणिले 12 म्हणजे 84, त्यात 5 मिळवून 89. हे पुस्तकाच्या अगदी लगतचं आहे. त्यानंतर पाव पाऊल पुढे : 100 मध्ये कमीत कमी किती मिळवावेत म्हणजे 7 ने निःशेष भाग जाईल? इथे वर्गातल्या निम्म्या पाट्यांवर 2 येतात. बाकी 2 आली ना, मग 2. पण 2 हे 'किती कमी करावेत' याचं उत्तर आहे. 98 ला भाग जातो. मिळवायचे तर पुढच्या पुड्यापर्यंत जायला हवं, म्हणजे 5, आणि संख्या होते 105.

हा प्रश्न मी मुद्दाम पर्यायांसह देते आणि पर्यायांत 2 आणि 5 दोन्ही ठेवते. परीक्षेतले पर्याय असेच असतात. चुकीचे पर्याय कुठूनही उचललेले नसतात, नेहमीच्या चुकांची उत्तरं तिथे मांडलेली असतात. त्यामुळे मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला यावरून त्याचं काय अडलंय ते कळतं. 2 निवडणाऱ्याला भागाकार येतो, प्रश्न वाचता येत नाही. 3 किंवा 4 निवडणाऱ्याचा भागाकारच कच्चा आहे किंवा त्याने अंदाज मारलाय. या दोघांना एकच गृहपाठ देऊन चालत नाही. पहिल्याला 'मिळवावेत' आणि 'वजा करावेत' अशी जोडीची उदाहरणं, दुसऱ्याला परत सातचा पाढा. पालकांनाही माझं हेच सांगणं असतं की सराव संचात किती बरोबर आले ते मोजण्याआधी चुकलेल्या प्रश्नात मुलाने काय निवडलं ते पाहा आणि का निवडलं ते त्याला विचारा.

यानंतर दोन आठवडे हा विषय बंद. पुस्तक पुढे जातं. मध्ये अंतर पडलं की मुलं थोडं विसरतात, आणि परत आठवावं लागतं तेव्हाच ते पक्कं होतं, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी ऑगस्टमध्ये येते, 15 ऑगस्टच्या पताका लावताना. लाल, पिवळा, हिरवा, निळा, परत लाल, पिवळा, हिरवा, निळा अशी माळ. पन्नासावी पताका कोणत्या रंगाची? मुलं आधी बोटांनी मोजतात. मोजू द्यावं. मग विचारावं, दोनशे दहावी? तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात बाकी येते. 50 भागिले 4, बाकी 2, म्हणून दुसरा रंग, पिवळा. 210 ची बाकीही 2, म्हणून तीही पिवळीच. ठेच लागते ती अठ्ठेचाळिसाव्या पताकेला. बाकी 0. शून्यावा रंग कोणता? काही जण लाल म्हणतात, कारण शून्य म्हणजे सुरुवात. उत्तर निळा आहे. चारांचा शेवटचा गट पूर्ण झाला आणि उरलं काही नाही, म्हणजे आपण गटाच्या शेवटच्या रंगावर उभे आहोत. अक्षरमालिका, अंकमालिका, आकृत्यांची पुनरावृत्ती यांवरचे प्रश्न याच घरातले. सराव करताना बाकी 0 येणारा प्रश्न हमखास घाला. तो नसेल तर मुलाला समजलंय की नाही हे तुम्हाला कळणारच नाही.

मग कॅलेंडर. भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाली अंथरायचं आणि एका वाराखालच्या तारखा वाचायच्या. एखाद्या महिन्यात मंगळवारखाली 3, 10, 17, 24 दिसतात आणि मुलं ओरडतात, "बाई, हा तर आपला गट!" आमच्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी असतो. वर्गातल्या एका मुलीची आई बाजारात भाजी विकते. या मुलीला लेखी भागाकाराची भीती वाटते, पण 100 दिवसांनी कोणता वार हे तिने सर्वांच्या आधी सांगितलं. तिची रीत अशी : आज बुधवार, उद्या बाजार. आजपासून चौदा आठवडे म्हणजे 98 दिवस, तेव्हाही बुधवारच आणि दुसऱ्या दिवशी बाजार. म्हणजे 99 ला बाजार, 100 ला बाजाराचा दुसरा दिवस, शुक्रवार. मी फक्त तिच्या बोलण्याशेजारी फळ्यावर 100 भागिले 7 लिहिलं. त्यानंतर तिच्या वहीत भागाकार मांडलेला दिसू लागला.

'100 दिवसांपूर्वी कोणता वार होता' हाही प्रश्न त्याच दिवशी घ्यावा. बाकी 2 च, पण मागे जायचं, म्हणून सोमवार. पुढे-मागेची गल्लत इथेच दिसते.

इथपर्यंत सप्टेंबर संपतो. पुढची पायरी मी दिवाळीनंतर घेते, कालमापनाच्या पाठासोबत. ती परीक्षेच्या अवघड प्रश्नाच्या तोडीची आहे, म्हणून पूर्ण सोडवून दाखवते.

15 ऑगस्ट 2023 रोजी मंगळवार होता, तर 26 जानेवारी 2024 रोजी कोणता वार?

ऑगस्टचे उरलेले दिवस 31 वजा 15, म्हणजे 16. सप्टेंबर 30, ऑक्टोबर 31, नोव्हेंबर 30, डिसेंबर 31, आणि जानेवारीचे 26. बेरीज 164. तिला 7 ने भागलं की भागाकार 23, बाकी 3. मंगळवारच्या पुढे तीन, म्हणजे शुक्रवार. जुनं कॅलेंडर असेल तर मुलांना पडताळू द्या.

या प्रश्नात सर्वांत जास्त येणारं चुकीचं उत्तर म्हणजे शनिवार. मुलं 15 ऑगस्टचा दिवसही मोजतात, ऑगस्टचे 17 धरतात, बेरीज 165 होते आणि बाकी 4. हे नुसतं सांगून सुटत नाही. आम्ही वऱ्हांड्यातले खांब मोजतो. पाच खांब, पण मधली अंतरं चारच. 'किती दिवस' विचारलं की खांब मोजायचे, 'किती दिवसांनी' विचारलं की अंतरं. मंगळवारवरून बुधवारवर जायला एकच उडी लागते, दोन नाही. हीच खांबांची गोष्ट झाडं लावण्याच्या, लाकूड कापण्याच्या, घड्याळाच्या ठोक्यांच्या प्रश्नांत पुन्हा भेटते, म्हणून या चुकीवर घालवलेला तास वाया जात नाही.

ज्यांना हे जमलं त्यांना छोटी वाट दाखवते. एवढी मोठी बेरीज करायची गरज नाही, प्रत्येक महिन्याची बाकीच घ्यायची. 16 ची 2, तीस दिवसांच्या महिन्याची 2, एकतीसच्या महिन्याची 3, आणि 26 ची 5. म्हणजे 2, 2, 3, 2, 3, 5, बेरीज 17, आणि 17 ची बाकी 3. उत्तर तेच. पण ही वाट सर्वांना पहिल्याच दिवशी देऊ नका. बाकीचं मर्म न कळता ती दिली तर मुलं '30 चे 2, 31 चे 3' असा मंत्र पाठ करतात आणि फेब्रुवारी आला की थांबतात. साध्या वर्षी फेब्रुवारीची बाकी 0, म्हणून 1 फेब्रुवारी आणि 1 मार्च एकाच वारी येतात. लीप वर्षी एक वार पुढे सरकतो.

लीप वर्षाचा एक सापळा सांगते. 26 जानेवारी 2023 ला गुरुवार होता, 2024 च्या 26 जानेवारीला कोणता? 2024 लीप वर्ष आहे म्हणून हुशार मुलं दोन वार पुढे जाऊन शनिवार सांगतात. पण 29 फेब्रुवारी 2024 ही तारीख या दोन तारखांच्या मध्ये येतच नाही, ती नंतर येते. म्हणून 365 दिवस, बाकी 1, शुक्रवार. आणि 2024 वरून 2025 च्या 26 जानेवारीला जाताना ती मध्ये येते, म्हणून दोन वार पुढे, रविवार. वर्षाचं नाव पाहू नका, 29 फेब्रुवारी वाटेत लागते का ते पाहा, एवढंच वर्गात सांगते.

विभाज्य-विभाजकांचा पाठ झाल्यावर बाकीची आणखी एक फांदी निघते. 4 ने आणि 6 ने भागल्यावर प्रत्येक वेळी बाकी 1 उरते अशी 1 पेक्षा मोठी सर्वांत लहान संख्या कोणती? दोघांचा लहानात लहान सामाईक विभाज्य 12, त्यात 1 मिळवून 13. गंमत म्हणजे प्रश्नात '1 पेक्षा मोठी' का लिहिलंय, हे विचारल्यावर चौथीतल्या एका मुलाने सांगितलं. खेळात त्याचा क्रमांक 1 होता आणि त्याला स्वतःची बाकी आठवत होती.

आता नोंदींविषयी. माझ्याकडे एक साधी वही आहे. आडवी मुलांची नावं, उभ्या या सहा पायऱ्या. मुलाने वेगळ्या आकड्यांचा प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवशी बरोबर सोडवला, आणि का ते सांगितलं, तरच बरोबरची खूण. नोव्हेंबरअखेर माझ्या वर्गात साधारण सर्व मुलं तिसऱ्या पायरीपर्यंत, बरीचशी चौथीपर्यंत असतात, आणि शेवटच्या दोन पायऱ्या मोजकीच मुलं चढतात. म्हणजे शिष्यवृत्तीला न बसणाऱ्या मुलाचाही भागाकार पक्का झालेला असतो. परीक्षेला कोण बसणार हे मी या वहीवरून आणि मुलाच्या इच्छेवरून ठरवते.

डिसेंबरपासून पूर्ण प्रश्नपत्रिका, आठवड्याला एक. घड्याळ तेव्हाच हातात घेते. 90 मिनिटांत 75 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. वारांचा हा मोठा प्रश्न सुरुवातीला मुलांना तीन-चार मिनिटं घेतो. जानेवारीत दीड मिनिटावर आला तर ठीक. नाही आला तर तो खूण करून शेवटी सोडवायचा, हेही शिकवावं लागतं. प्रश्न मागे ठेवला की उत्तरपत्रिकेवरचं त्याचं वर्तुळही रिकामं सोडायचं. पुष्कळ मुलं पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत रंगवतात आणि तिथून खालची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. म्हणून दर पाच प्रश्नांनी प्रश्नक्रमांक आणि वर्तुळाचा क्रमांक जुळतो का ते बोट ठेवून पाहायची सवय लावते.

ही शिडी सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. आरशातील प्रतिमा, आकृत्यांचं वर्गीकरण, लपलेली आकृती यांना पाठ्यपुस्तकात फारसा आधार मिळत नाही, त्यांचा सराव वेगळाच घ्यावा लागतो. इंग्रजीचं तर शब्दसंग्रहावर अडतं, तिथे रोजचे पाच शब्द हाच मार्ग. पण गणितातले बरेच धागे असे सुटतात. अपूर्णांकाचा धागा समूहाचा भाग काढण्यापर्यंत जातो, परिमितीचा कोपरा कापलेल्या आयतापर्यंत. कोनाचा धागा घड्याळाच्या काट्यांपर्यंत नेताना तासकाटाही मिनिटागणिक थोडा सरकतो, इथे मुलं अडखळतात. त्या पायऱ्या पुढच्या लेखात लिहीन. तोपर्यंत तुमच्या वर्गात 0 ते 6 च्या खुणांचा खेळ घेऊन पाहा, आणि 7 क्रमांकाची मुलं कुठे जाऊन उभी राहिली ते मला जरूर कळवा.